सीपीएल १८० विरुद्ध ९५०, आणि सेल्सवाले म्हणतात स्वस्तातल्या लीड्स कचरा आहेत

रिपोर्टवाली

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या कंपनीत मार्केटिंगचं बघते. आम्ही इतर कंपन्यांना हजेरी आणि पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर विकतो. लीड्स दोन वाटांनी येतात. एक, फेसबुकच्या आतच उघडणारा फॉर्म. दुसरी, गूगल सर्चच्या जाहिरातीवरून आमच्या पानावर येऊन भरलेला फॉर्म.

गेल्या महिन्याचे आकडे:

फेसबुक: खर्च ९०,०००, लीड्स ५००, सीपीएल १८०
गूगल: खर्च १,१४,०००, लीड्स १२०, सीपीएल ९५०

आजवर माझा रिपोर्ट इथेच संपायचा आणि दर महिन्याला फेसबुक जिंकायचं. या वेळी साहेब म्हणाले, सेल्सचा अभिप्रायही घाल. आमच्या सीआरएममध्ये सेल्सची मुलं प्रत्येक लीडपुढे तीनपैकी एक शेरा निवडतात: क्वालिफाइड, फॉलोअप चालू किंवा जंक. तो जोडला तर फेसबुकच्या ५०० पैकी तब्बल ४१० जंक निघाल्या आणि क्वालिफाइड फक्त २०. गूगलच्या १२० पैकी जंक ३६, क्वालिफाइड ३८. म्हणजे एक क्वालिफाइड लीड फेसबुकवर ४,५०० ला पडली आणि गूगलवर ३,००० ला.

सेल्सहेड लगेच म्हणाले की फेसबुक बंद करा, पोरांचा दिवस फुकट जातो. साहेबांचाही कल तिकडेच आहे. रिपोर्ट शुक्रवारी द्यायचाय. असाच देऊ का? काहीतरी खटकतंय, पण नेमकं बोट ठेवता येत नाहीये.

नवखा_७

९५० सीपीएल फारच आहे. निगेटिव्ह कीवर्ड्स टाका, "फ्री" आणि "नोकरी" असले शब्द वगळा. सर्च पार्टनर्सचं बटण बंद करा. आमचा सीपीएल असाच निम्म्यावर आला.

रिपोर्टवाली

धन्यवाद, पण सीपीएल कमी करायचा नाहीये. सीपीएलवर विश्वास ठेवायचा की सेल्सच्या शेऱ्यावर, एवढंच विचारतेय.

थेट_बोलतो

दोन्हीवर नको. एका विक्रीमागे खर्च किती तेवढंच बघा. लीड चांगली की वाईट ही सगळी मतं झाली, पैसे खात्यात आले की नाही हे खरं. शेऱ्यांचा रकाना उडवून टाका.

आकडेमोड

थेटराव, तत्त्व बरोबर आहे, पण या महिन्यासाठी ते कामाचं नाही. ताई, तुमच्याकडे लीड आल्यापासून विक्री व्हायला किती दिवस लागतात?

रिपोर्टवाली

सहा ते आठ आठवडे. मोठी कंपनी असली तर तीन महिनेसुद्धा.

आकडेमोड

तेच म्हणतो. गेल्या महिन्यात झालेल्या विक्रीला तुम्ही गेल्या महिन्याच्या खर्चाने भागलंत, तर दोन महिन्यांपूर्वीच्या जाहिरातींचं श्रेय आजच्या जाहिरातींना द्याल. आणि लीड ज्या महिन्यात आली त्याच महिन्याच्या खात्यात विक्री मांडायची म्हटलं (मांडायची तशीच), तर गेल्या महिन्याचा रकाना अजून रिकामा असणार. निर्णय शुक्रवारी हवाय. तेव्हा मधला कुठला तरी आकडा लागणारच, आणि तो सेल्सकडूनच येणार. रकाना उडवू नका, फक्त तो नक्की काय मोजतोय हे आधी तपासा.

माझा अंदाज असा की त्या ४१० मध्ये चार वेगवेगळी माणसं एका पोत्यात भरलीयेत: ज्याचा नंबरच चुकीचा होता, ज्याने फोन उचलला नाही, जो बोलला पण नको म्हणाला, आणि ज्याला कुणी फोनच केला नाही. यातला पहिला आणि तिसरा हा लीडचा दोष. चौथा निव्वळ तुमच्या टीमचा. दुसरा कुणाचा ते किती वेळा आणि कधी फोन केला यावर ठरतं. सेल्सला विचारू नका, डायलरचा कॉल लॉग काढा आणि लीडच्या नंबराशी जुळवा. मग इथे सांगा.

फोनवाली

मी सात वर्षं फोनवरच आहे, म्हणून राहवलं नाही. "टीमचा दोष" म्हणणं सोपं असतं हो. फेसबुकच्या लीडला फोन लावला की समोरचा पहिलं वाक्य म्हणतो, "मी कुठलाच फॉर्म भरला नाही." खोटं बोलत नसतो तो. अंगठा फिरवता फिरवता दोनदा टॅप झालेला असतो, नाव-नंबर फेसबुकने आधीच भरून दिलेलं असतं, आणि तो विसरलेला असतो. दिवसात असे चाळीस फोन केले की एक्केचाळिसाव्याला आवाजच निघत नाही. त्यात गूगलच्या लीड्स समोर असतील तर माणूस कुठल्या आधी उचलेल? मी तरी गूगलच्याच उचलेन.

आकडेमोड

फोनवालीताई, माझ्या मुद्द्याचा अर्धा पुरावा तुम्हीच दिलात. तुम्ही गूगलची आधी उचलता, म्हणून फेसबुकची शिळी होते, म्हणून तो विसरतो, म्हणून तुम्ही पुढच्या वेळीही गूगलचीच आधी उचलता. हे चक्र महिन्याअखेरीच्या रिपोर्टात "फेसबुकची क्वालिटी वाईट" या नावाने उतरतं. वाईट ती असेलही, पण किती वाईट हे या आकड्यांतून कळत नाही.

उंबरठा

आमच्याकडचा अनुभव सांगतो, थोडा वेगळा आहे. मी एका प्रशिक्षण संस्थेत होतो. तिथे समुपदेशकांना बोनस रूपांतराच्या टक्क्यावर मिळायचा, आणि टक्का काढताना जंक लीड्स भाजकातून वगळायचे. मग काय, तीन दिवसांत "हो" न म्हणणारा प्रत्येक जण जंक. एकाचं रूपांतर कागदावर ४० टक्क्यांच्या वर होतं, गडी हिरो. त्याच्या जंकमधल्या लीड्स दुसऱ्या मुलीने सहज म्हणून फिरवल्या तर त्यातून प्रवेश निघाले. ताई, तुमच्याकडे बोनस कशावर आहे ते बघून घ्या.

रिपोर्टवाली

बोनस विक्रीच्या संख्येवर आहे, टक्क्यावर नाही. नशीब.

कॉल लॉग काढला. नंबर जुळवताना पूर्ण दुपार गेली. कुठे देशाचा कोड, कुठे मध्ये मोकळी जागा, कुठे सुरुवातीला शून्य. शेवटचे दहाच आकडे घेऊन जुळवलं तेव्हा कुठे जमलं. फेसबुकच्या ४१० जंकची फोड अशी:

चुकीचा किंवा बंद नंबर: ९५
बोलले, नको म्हणाले किंवा "फॉर्म भरलाच नाही" म्हणाले: ६०
फोन उचलला नाही: २०५
लॉगमध्ये एकही कॉल नाही: ५०

उचलला नाही अशा २०५ पैकी १४० जणांना फक्त एकदाच फोन गेलाय.

गूगलच्या ३६ जंकमध्ये एकही कॉल नाही अशी एकही लीड नाही. न उचलणारे १४, आणि त्यांना सरासरी तीन वेळा फोन केलाय.

म्हणजे फेसबुकच्या खऱ्या अर्थाने तपासून वाईट ठरलेल्या लीड्स ९५ अधिक ६०, मिळून १५५. बाकी २५५ बद्दल आम्हाला धड काहीच माहीत नाही. आणि मी त्यांना ४१० जंक म्हणून स्लाइडवर टाकणार होते.

आकडेमोड

२५५ पैकी ६५ जणांना तुम्ही एकाहून जास्त वेळा फोन केलाय, तेव्हा त्यांच्याबद्दल थोडं तरी माहीत आहे. पण रोख बरोबर. आता पहिला फोन किती वेळाने गेला ते काढा. सरासरी नको, मध्यक घ्या, नाहीतर दहा दिवसांनी केलेले दोन-चार फोन आकडा फुगवतील. शीटमध्ये B ला लीडची वेळ, C ला सोर्स आणि G ला पहिल्या कॉलची वेळ असेल तर:

```
=MEDIAN(FILTER(Leads!G2:G-Leads!B2:B, Leads!C2:C="fb_form", Leads!G2:G<>""))*24
```

उत्तर तासांत येईल. एक सांभाळा: ज्यांना फोनच गेला नाही त्या ५० लीड्स यातून गळतात, म्हणून आकडा प्रत्यक्षापेक्षा बरा दिसतो.

रिपोर्टवाली

फेसबुक २७ तास. गूगल ४० मिनिटं. 🙈

कारणही सापडलं. गूगलचा फॉर्म आमच्या वेबसाइटवरचा, तो थेट सीआरएममध्ये पडतो आणि मोबाइलवर सूचना जाते. फेसबुकच्या लीड्स आमचा एक सहकारी रोज सकाळी डाउनलोड करून फाइल सेल्सला मेल करतो. शुक्रवारी दुपारनंतरच्या लीड्स सोमवारी पोचतात. हे गेली दोन वर्षं असंच चालू आहे, आणि मला माहीत होतं. पण या आकड्याशी त्याचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

फोनवाली

सत्तावीस तास! मग "फॉर्म भरलाच नाही" नाही म्हणणार तर काय म्हणणार? मलाही कालचं आठवत नाही.

माझे शब्द अर्धे मागे घेते. उरलेले अर्धे त्या ९५ चुकीच्या नंबरांसाठी राखून ठेवते. ते काही आमच्या उशिरामुळे चुकीचे झाले नाहीत.

आकडेमोड

अगदी. ५०० मध्ये ९५ म्हणजे १९ टक्के. हा दोष फॉर्मचा. फेसबुक प्रोफाइलवरचा नंबर आपोआप भरून देतं, आणि तो कित्येकदा जुना असतो. फॉर्म बनवताना "More volume" आणि "Higher intent" असे पर्याय दिसतात. दुसऱ्यात पाठवण्याआधी एक तपासणीचं पान येतं, माणसाला आपली माहिती पुन्हा बघून पाठवावी लागते. त्यात एखादा स्वतः टाइप करायचा प्रश्न घाला, उदाहरणार्थ कर्मचारी किती. सीपीएल वाढेल. वाढू द्या.

पण फॉर्म आणि फोनचा वेग हे दोन्ही एकाच आठवड्यात बदलू नका. कशाने काय झालं ते कळणार नाही. आधी वेग.

थेट_बोलतो

बरं, मान्य, वाट बघण्याएवढा वेळ नाही. पण मग गूगलचे ३८ तरी तपासलेत का? एकाच बाजूची झडती चाललीय.

आकडेमोड

हा प्रश्न मीच आधी विचारायला हवा होता. ताई, त्या ३८ मध्ये तुमच्या कंपनीचं नाव टाइप करून आलेले किती? ब्रँडची मोहीम वेगळी आहे ना?

रिपोर्टवाली

आहे वेगळी, पण रिपोर्टात मी दोन्ही एकत्र करते. ३८ पैकी ११ ब्रँडच्या, आणि त्या मोहिमेचा खर्च फक्त ६,०००. ब्रँड बाजूला काढला तर उरले १,०८,००० आणि २७ क्वालिफाइड, म्हणजे ४,००० ला एक. फेसबुकचा ४,५००. तीन आणि साडेचार हजारांतलं जे अंतर बघून सगळे फेसबुक बंद करायला निघाले होते, ते आता पाचशेवर आलं.

आणि अजून एक. त्या ११ पैकी चार नंबर त्याआधी आमच्या फेसबुकच्या यादीत आलेले होते! फॉर्म भरला, आमचा फोन गेला नाही, मग त्यांनी स्वतःच गूगलवर आमचं नाव शोधलं. सीआरएममध्ये फेसबुकच्या बाजूला जंक, गूगलच्या बाजूला क्वालिफाइड. एकच माणूस.

उंबरठा

हे भारी आहे. ती चार नावं सेल्सहेडच्या समोर ठेवा, टक्केवारीचा तक्ता नंतर.

नवखा_७

मग श्रेय कुणाला द्यायचं? पहिल्या क्लिकला की शेवटच्या?

आकडेमोड

त्यावर स्वतंत्र धागा होईल, आणि तोही भांडणात संपेल. इथे एवढंच करा की त्या चौघांची दोन नावं एक करा, पहिला सोर्स आणि शेवटचा सोर्स असे दोन रकाने ठेवा. कुठल्या एकालाच श्रेय देऊन मोकळं होऊ नका.

रिपोर्टवाली

शुक्रवारी रिपोर्ट दिला. निकाल न देता दिला, फोड दाखवली आणि दोन आठवडे मागितले. सेल्सहेड नाराज होते, पण ती चार नावं बघून गप्प बसले. ठरलं असं: फेसबुकच्या लीड्सही थेट सीआरएममध्ये. दोन्हीकडच्या लीड्स पाळीपाळीने सगळ्यांना, म्हणजे कुणी वेचून घ्यायच्या नाहीत. पाच दिवसांत किमान चार प्रयत्न, वेगवेगळ्या वेळी. "जंक" शेरा काढून टाकला आणि त्याजागी चुकीचा नंबर, उचलला नाही, गरज नाही, निर्णय घेणारा नाही, आधीपासून ग्राहक असे शेरे आले. "उचलला नाही" हा शेरा चौथ्या प्रयत्नाआधी निवडताच येत नाही. दोन आठवड्यांनी येते.

रिपोर्टवाली

आले. दोन आठवड्यांच्या लीड्स, आणि शेवटच्या दिवशीच्या लीडलाही तिचे पाच दिवस मिळेपर्यंत थांबले. गूगल ब्रँड सोडून.

फेसबुक: खर्च ३९,९००, लीड्स २१०, क्वालिफाइड १७
गूगल: खर्च ५५,१००, लीड्स ५८, क्वालिफाइड १७

म्हणजे फेसबुक साधारण २,३५० ला एक, गूगल ३,२४० ला एक. आधी शेकडा चार क्वालिफाइड होत होत्या, आता शेकडा आठ. पहिल्या फोनचा मध्यक ३५ मिनिटांवर आलाय. मी आनंदाने सेल्सहेडना मेल टाकला.

फोनवाली

आणि आमच्या वेळेचे पैसे कुणी धरायचे? २१० जणांना चार-चार वेळा फोन करणाऱ्यांना पगार मिळतो ना?

रिपोर्टवाली

सेल्सहेडचं उत्तर शब्दशः हेच होतं. तुम्ही आमच्याकडेच नाही ना कामाला?

आकडेमोड

नुसता मुद्दा नाही, हिशोबच आहे हा. डायलरमधून एका लीडमागे सरासरी किती प्रयत्न झाले ते काढा. एका प्रयत्नाला नोंद धरून किती मिनिटं, आणि सेल्सच्या एका तासाचा कंपनीला खर्च किती? गुणाकार करून जाहिरातीच्या खर्चात मिळवा.

रिपोर्टवाली

केलं. एका प्रयत्नाला नोंदीसकट चार मिनिटं, तासाचा खर्च ३००, म्हणजे प्रयत्नाला २०.

फेसबुक: लीडमागे २.९ प्रयत्न, एकूण ६०९, त्यांचे १२,१८०. जाहिरातीसकट ५२,०८०. भागिले १७, म्हणजे साधारण ३,०६०.
गूगल: लीडमागे १.८ प्रयत्न, एकूण १०४, त्यांचे २,०८०. जाहिरातीसकट ५७,१८०. भागिले १७, म्हणजे साधारण ३,३६०.

नऊशेचं अंतर तीनशेवर आलं.

थेट_बोलतो

तरी फेसबुकच पुढे. विषय संपला.

आकडेमोड

नाही संपला. फेसबुकच्या १७ ऐवजी १४ असत्या तर आकडा ३,७२० झाला असता आणि गूगल पुढे गेलं असतं. पंधरवड्यात तीन लीड्स इकडच्या तिकडे व्हायला एखादी जोडून आलेली सुट्टी पुरते. या आकड्यावरून "फेसबुक चांगलं" म्हणता येत नाही. "फेसबुक बंद करण्याइतकं वाईट आहे" हे खोटं ठरलं, एवढं म्हणता येतं. शिवाय दोन्हीकडचे क्वालिफाइड सारख्या आकाराच्या कंपन्या आहेत का, हे अजून कुणी बघितलेलं नाही.

आणि कुणी उत्साहाने हे शेरे लगेच फेसबुकला परत पाठवून जाहिरात त्यावर शिकवायला निघालं, तर थोडं थांबा. ती सोय आहे आणि कामाची आहे, पण तुमचा जुना डेटा पाठवलात तर यंत्रणा शिकेल की शुक्रवारी दुपारी फॉर्म भरणारी माणसं वाईट असतात.

उंबरठा

😂 पण हे हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

रिपोर्टवाली

कंपन्यांचा आकार बघितला. गूगलच्या १७ मध्ये शंभराहून जास्त कर्मचारी असलेल्या सहा आहेत. फेसबुकच्या १७ मध्ये दोन. लहान कंपन्या लवकर निर्णय घेतात, मोठ्यांकडून पैसे जास्त येतात, पण त्यातल्या किती टिकतील ते आठ आठवड्यांनीच कळेल. साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, मग आठ आठवड्यांनी सांग. फेसबुक तोवर चालू आहे, बजेट तेवढंच ठेवलंय.

पुढच्या आठवड्यात फॉर्म "Higher intent" वर नेतेय. सीपीएल वाढला की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच येणार आहे, त्याची तयारी करतेय.

फोनवाली

आणि रविवारच्या लीड्सचं काय केलंत?

रिपोर्टवाली

रविवारी फोन करायला कुणी तयार नाही. सध्या रविवारच्या लीड्स रिपोर्टात वेगळ्या ओळीत दाखवतेय, पहिल्या फोनच्या वेळेसकट. निदान त्या कुणाच्या खात्यात जंक म्हणून पडत नाहीत.